विश्लेषण : न खपणारा ‘मीडियम’ पॉपकॉर्न यादीत कशासाठी?

समजा, मल्टिप्लेक्समधील दरफलक असा आहे : छोटा पॉपकॉर्न ५० ग्रॅम, १९९ रुपये, मीडियम ८० ग्रॅम, २९९ रुपये, मोठा १५० ग्रॅम, ३१९ रुपये. मीडियम घ्यावा असे काही कारण दिसत नाही, कारण आणखी २० रुपये टाकले की जवळपास दुप्पट माल मिळतो. म्हणून हात मोठ्याकडे जातो. मीडियम खपला नाही तरी विक्रेत्याचे बिघडत नाही. मोठा स्वस्त वाटावा, एवढेच त्याचे काम. याला ‘डिकॉय प्रायसिंग’ म्हणतात.

याचे गाजलेले उदाहरण ‘द इकॉनॉमिस्ट’च्या वर्गणीचे. फक्त वेब आवृत्ती ५९ डॉलर, फक्त छापील १२५ आणि दोन्ही मिळूनही १२५! डॅन एरिअली यांनी एमआयटीच्या १०० विद्यार्थ्यांपुढे हे पर्याय ठेवले. ८४ जणांनी दोन्हींची वर्गणी निवडली, १६ जणांनी वेब. छापील कोणीच नाही. मग कोणालाच नको असलेला तो छापील पर्याय काढून टाकला, तर दोन्ही घेणारे ३२ वर घसरले आणि ६८ जण स्वस्त वेबकडे वळले.

अर्थात ही युक्ती सगळीकडे चालत नाही. शेन फ्रेडरिक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की पर्याय आकड्यांत मांडले तर ती चालते. वस्तूचे चित्र समोर असले किंवा चव घेता आली, तर तिचा प्रभाव जवळपास उरत नाही. रिचार्ज आणि ओटीटीचे प्लॅन मात्र आकड्यांतच मांडलेले असतात, तिथे सावध राहिलेले बरे.

९९ ची जादू कुठे चालते?

आपण किंमत डावीकडून वाचतो. ४९९ मधला ४ आधी मनात बसतो आणि ५०० शी फरक एका रुपयापेक्षा मोठा वाटतो. पण ४५९ आणि ४६० मध्ये डावा आकडा तोच, त्यामुळे तिथे हा परिणाम जवळपास नसतो. पूर्वी सुट्टा रुपया नाही म्हणून दुकानदार हातावर चॉकलेट ठेवायचा. यूपीआयमुळे ते गेले, ९९ राहिले.

उपाय सोपा आहे. ९९ दिसला की पुढचा पूर्ण आकडा मनात म्हणायचा. आणि दरफलकावर ज्याच्यापेक्षा दुसरा पर्याय उघड सरस आहे, तो बोटाने झाकायचा. मीडियम झाकला की खरा प्रश्न दिसतो : १०० ग्रॅम जास्तीच्या पॉपकॉर्नसाठी १२० रुपये द्यायचे का?

ग्रॅममागे दर काढणेही उपयोगी. छोटा सुमारे चार रुपये, मोठा सुमारे सव्वादोन. पाकीटबंद मालावर हा दर आता बहुधा छापलेलाच असतो. पण इथेही एक खोच आहे. मोठा टब निम्मा उरला, तर खाल्लेल्या ७५ ग्रॅमचा भाव सव्वाचार रुपये पडतो, म्हणजे छोट्यापेक्षाही महाग.