‘सिद्ध होते’ म्हणणारे तुम्ही कोण?

माझ्यासमोर सात जबाब होते आणि सातही जबाबांत एक वाक्य शब्दशः सारखं होतं : ‘सदर गृहपाल यांनी सदर चादरींची परस्पर विल्हेवाट लावली असावी असे माझे स्पष्ट मत आहे.’ शिपाई, पहारेकरी, सफाई कामगार, स्वयंपाकी, सगळ्यांना एकाच दुपारी ‘सदर’ सुचला होता. त्यांतल्या स्वयंपाक्याला मी चांगला ओळखत होतो. त्याच्या तोंडून ‘सदर’ निघाला असता तर माझी पुढची वेतनवाढ मी त्याच्या नावे करून दिली असती.

प्रकरण एका शासकीय वसतिगृहातलं. जडसंग्रह नोंदवहीत चादरी २४०, मोजल्या तेव्हा भरल्या १७८. कमी ६२. मोजणीच्या दिवशी गृहपाल रजेवर. प्राथमिक चौकशीचे साहेब दुपारी दोनला आले, सात जबाब घेऊन संध्याकाळी पाचच्या गाडीनं गेले, आणि तीन पानी अहवालाच्या शेवटी त्यांनी लिहिलं : ‘वरील विवेचनावरून गृहपाल यांनी अपहार केल्याचे निर्विवाद सिद्ध होते.’ तीन तासांत ‘निर्विवाद’! वाद घालणारा माणूसच जागेवर नसला की सगळंच निर्विवाद असतं.

मी तेव्हा नोकरीत होतो आणि या गृहपालांचा बचाव सहायक होतो. त्यांची पहिली तक्रार होती, ‘अहो, मला उलटतपासणीच घेऊ दिली नाही.’ मी म्हटलं, ‘त्या दिवशी ती मिळायचीच नव्हती.’ ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी साहेबांच्या बाजूनं फुटलो होतो.

आधी आपल्याच माणसांचे कान धरतो. प्राथमिक चौकशीत नैसर्गिक न्याय नाही म्हणून ऊर बडवणारे कर्मचारी आणि त्यांना टाळ्या देणारे संघटनेचे पुढारी, दोघेही चुकीच्या दारावर धडका मारत असतात. मुंबईच्या वस्त्रोद्योग आयुक्त कार्यालयातले तात्पुरते अधिकारी चंपकलाल चिमणलाल शहा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९६३ सालीच सांगून टाकलं, की प्राथमिक चौकशी ही सरकारच्या स्वतःच्या खात्रीसाठी असते. पुढं रीतसर चौकशी करण्याजोगं काही आहे का, एवढंच तिनं पाहायचं. ती एकतर्फी झाली तरी चालते, संबंधिताला बोलावलंच पाहिजे असं नाही, साक्षीदार तपासायचा हक्क तर नाहीच. आणि यात अन्यायही नाही. विहीर खणण्याआधी पाणाड्या शेतात फिरतो, तेव्हा शेतकरी त्याच्याकडं पुरावा मागत नाही. तो नुसता जागा दाखवतो.

पण पाणाड्याच्या काडीतून कुणी पाणी पीत नाही. आमच्या कार्यालयांत मात्र नेमकं तेच पितात.

प्राथमिक चौकशीच्या अहवालात ‘दोषारोप ठेवण्याइतकी सामग्री आहे’ किंवा ‘नाही’ या दोनच निष्कर्षांना जागा आहे. ‘सिद्ध होते’ हे शब्द त्या साहेबांच्या अधिकारातले नाहीत. सिद्ध काय करणार? समोर दोषारोप नाहीत, बचाव नाही, साक्षीदाराला उलटा प्रश्न विचारणारं कुणी नाही. तरीही हे शब्द लिहिले जातात, आणि एकदा का ते नस्तीत बसले की पुढचा प्रत्येक टेबलवाला ते वाचूनच कागद पुढं सरकवतो. रीतसर विभागीय चौकशी मग निकालानंतरची खानापूर्ती होते.

हद्द कुठं आहे ते नीट पाहा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम ८ खालचं दोषारोपपत्र हातात पडलं, की तुम्ही हद्द ओलांडली. त्याला चार जोडपत्रं असतात : पहिल्यात दोषारोप, दुसऱ्यात त्यांचं विवरण, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी, चौथ्यात साक्षीदारांची. इथून पुढं तुमचे हक्क सुरू होतात : बचावाचं निवेदन, कागदपत्रं पाहणं, बचाव सहायक, साक्षीदारांची उलटतपासणी, स्वतःचे साक्षीदार, आणि शेवटी चौकशी अहवालाची प्रत व तिच्यावर म्हणणं मांडण्याची संधी. सर्वोच्च न्यायालयानं जानकीरामन प्रकरणात १९९१ साली हीच रेषा दुसऱ्या बाजूनं ओढली. पदोन्नतीचा निर्णय मोहोरबंद पाकिटात ठेवायचा तर दोषारोपपत्र दिलेलं असावं लागतं, प्राथमिक चौकशी चालू आहे हे कारण पुरत नाही. म्हणजे हक्क द्यायची वेळ आली की ‘ही तर नुसती प्राथमिक’ म्हणायचं आणि पदोन्नती अडवायची वेळ आली की ‘चौकशी चालू आहे’ म्हणायचं, हा दुटप्पीपणा न्यायालयानं तेव्हाच मोडीत काढला. कार्यालयांत तो अजून मोडायचा आहे.

आता आमच्या चादरींकडं येऊ. दोषारोपपत्र आलं. तिसऱ्या जोडपत्रात अनुक्रमांक एकवर काय होतं? प्राथमिक चौकशीचा अहवाल. ज्या कागदावर आरोप उभा राहिला, तोच कागद आरोपाचा पुरावा! चौथ्या जोडपत्रात साक्षीदार फक्त दोन, पहारेकरी आणि शिपाई. बाकीचे पाच गायब. पण त्यांचे जबाब तिसऱ्या जोडपत्रात ‘कागदपत्र’ म्हणून शिस्तीत बसलेले. माणसाला साक्षीला आणलं तर तो उलटतपासणीत बोलतो. कागद बोलत नाही, म्हणून माणसाचा कागद करून टाकायचा.

चौकशी अधिकाऱ्यांनी दोघांना तपासलं. शिपाई म्हणाला, चादरी कुठं गेल्या ते मला ठाऊक नाही. पहारेकरी म्हणाला, रात्री गाठोडं नेताना मी कुणाला पाहिलं नाही. तरीही अकरा पानी अहवालात निष्कर्ष आला : ‘प्राथमिक चौकशीतील उर्वरित पाच साक्षीदारांच्या जबाबांवरून व प्राथमिक चौकशी अहवालात नमूद केल्यानुसार दोषारोप सिद्ध होतो.’ म्हणजे जे आले ते काही बोलले नाहीत म्हणून सोडून दिले, आणि जे आलेच नाहीत त्यांच्यावर भिस्त ठेवली.

यावर कायदा काय म्हणतो ते महाराष्ट्राच्याच प्रकरणात आहे. नारायण दत्तात्रय रामतीर्थकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की दोषारोपपत्रानंतरच्या चौकशीशी प्राथमिक चौकशीचा काही संबंध नाही. पूर्ण चौकशी झाल्यावर तिचं महत्त्व संपलं. ही तलवार दुधारी आहे हे लक्षात घ्या. प्राथमिक चौकशीत काही चुकलं म्हणून नंतरची रीतसर चौकशी कर्मचाऱ्याला पाडता येत नाही, आणि प्राथमिक चौकशीतलं काही उचलून त्याला दोषीही ठरवता येत नाही. २०१३ साली निर्मला झाला विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात हे आणखी ठसठशीत झालं. एका महिला न्यायाधीशाला लाचेच्या मागणीच्या आरोपावरून सक्तीनं निवृत्त केलं होतं आणि उच्च न्यायालयानं प्राथमिक चौकशीतल्या जबाबांचा आधार घेतला होता. सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. ज्या जबाबांच्या वेळी ती व्यक्ती हजर नव्हती आणि जिला उलटतपासणी मिळाली नाही, तिच्याविरुद्ध ते जबाब वापरता येत नाहीत.

मग तो जुना जबाब कायमचा बाद? नाही, आणि इथं बचाव सहायकही घसरतात. १९६२ च्या शिवबसप्पा मकापूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एक सरळ वाट दाखवलेली आहे. साक्षीदार समोर यावा, त्याचा पूर्वीचा जबाब त्याला वाचून दाखवावा, त्यानं तो मान्य करावा, प्रत अपचाऱ्याला आधी मिळालेली असावी आणि उलटतपासणी करू द्यावी. मग तो जबाब सरतपासणी म्हणून चालतो. म्हणजे कायद्यानं साहेबांकडं फार मागितलेलंच नाही. माणूस आणा आणि प्रत द्या, एवढंच. तेही जड जातं.

प्रत न देण्याची मखलाशी ठरलेली असते : ‘सदर जबाब गोपनीय आहेत.’ ज्यावर माझी नोकरी जाणार तो कागद माझ्यापासूनच गोपनीय! काशिनाथ दीक्षित या पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात ३८ साक्षीदार आणि ११२ कागदपत्रं होती. त्यानं प्रती मागितल्या, मिळाल्या नाहीत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी रद्द केली. पण ‘मागितल्या’ या शब्दाखाली रेघ मारा. प्रत न मिळाल्यानं बचावाचं नेमकं काय नुकसान झालं, हे दाखवावं लागतं. ज्यानं लेखी मागणीच केली नाही, त्याला नंतर न्यायालयात गळा काढता येत नाही. शिवाय ज्या अहवालावर प्रशासन विसंबलेलंच नाही, त्याची प्रत हक्कानं मागता येत नाही. आमच्या गृहपालांनी प्राथमिक चौकशीच्या विरोधात नऊ अर्ज केले होते. दोषारोपपत्रानंतर जबाबांच्या प्रतींसाठी केलेले अर्ज शून्य. हक्क नव्हता तिथं नऊ, हक्क होता तिथं शून्य! पहिला अर्ज मी लिहून घेतला, पोच घेतली आणि ती त्यांच्या पाकिटात कोंबली.

चौकशी अहवालाची प्रत मिळाल्यावर आम्ही अभिवेदनात एकच मुद्दा धरला : न आलेल्या पाच जणांचे जबाब काढून टाका, मग उरतं काय ते सांगा. शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्यांनी, त्यांचं श्रेय त्यांना देतो, प्रकरण पुढील चौकशीसाठी परत पाठवलं. यावेळी स्वयंपाकी आला. मी विचारलं, ‘हे सदर सदर तुम्ही सांगितलंत?’ तो म्हणाला, ‘सायबानं ल्हिलं, मला म्हनले सही कर, मी केली. भाजी करपत होती माझी.’

मग मी धोब्याची वही मागवली. वही कार्यालयातच होती, कुणी उघडली नव्हती इतकंच. मोजणीच्या दिवशी ४१ चादरी धुण्याला गेलेल्या. उरलेल्या २१ फाटक्या, गोणीत बांधलेल्या. त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव गृहपालांनीच पाठवलेला, आणि तो त्याच कार्यालयात पडून. एकेचाळीस आणि एकवीस, बासष्ट. दोषारोप सिद्ध झाला नाही.

प्राथमिक चौकशीच्या साहेबांना त्या दुपारी गृहपालांना बोलावण्याचं बंधन नव्हतं, हे मी आजही मान्य करतो. धोब्याची वही उघडायला मात्र त्यांना कुठल्या नियमानं मनाई केली होती, ते मला अजून सापडलेलं नाही. वहीतल्या नोंदीप्रमाणे धोब्यानं त्या ४१ चादरी मोजणीनंतर चौथ्या दिवशी परत आणून दिल्या. कार्यालयाला त्या मोजायला सव्वादोन वर्षं लागली.