उकळलेल्या पाण्यात बुडणारा हात

पावसाळा लागला की आशाताई घरोघर सांगतात, पाणी उकळून प्या. ते ऐकणाऱ्या घरातही बाळाला जुलाब लागतात, तेव्हा बाई म्हणते, “ताई, उकळून काय उपयोग झाला?” अशा वेळी चूल सोडून पाण्याचं भांडं बघावं.

पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की जुलाबाचे जंतू मरतात. पण क्लोरीनचं संरक्षण पुढे टिकतं, तसं उकळण्याचं टिकत नाही. बाळाची शी धुतलेला हात नुसता पाण्याखाली धरून पदराला पुसला आणि त्याच हाताने माठात पेला बुडवला, की पाणी पुन्हा दूषित होतं. तान्ह्या बाळाच्या शीला बरेच जण घाण मानत नाहीत, पण तिच्यातही जंतू असतात. ते हाताच्या तेलकट थराला चिकटतात. साबणाने तो थर सुटतो, नुसत्या पाण्याने पुरेसा सुटत नाही.

म्हणून पाणी उकळलेल्या भांड्यातच झाकून निवू द्यावं, लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावं. शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने वीस सेकंद हात चोळावेत. पुढच्या गृहभेटीत बाईला एवढंच म्हणा, “मला पाणी द्या”, आणि ती ते कसं काढते ते पाहा.