पगार खात्यातील ओव्हरड्राफ्ट: वापरले तेवढ्यावरच व्याज, पण वापरले म्हणजे काय?

चवथीच्या तोंडावर नोकरदारांच्या मोबाइलवर बँकांचे संदेश वाढतात. ‘आपल्या पगार खात्यावर एक लाख रुपयांचा ओव्हरड्राफ्ट पूर्वमंजूर झाला आहे, व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर’, असा त्यांचा आशय असतो. कागदपत्रे नकोत, जामीन नको, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की काम झाले. पगार दरमहा आपल्याकडेच जमा होतो हे बँकेने पाहिलेले असते आणि त्याच आधारावर ही मर्यादा ठरते. संदेशातील व्याजाचे विधान खोटे नाही. मात्र ‘वापरलेली रक्कम’ या दोन शब्दांचा बँकेचा अर्थ आणि ग्राहकाचा समज यांत अंतर असते, आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्या अंतरातूनच उद्भवतात.

वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कर्मचाऱ्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. पगार ४०,००० रुपये, तो १ तारखेला जमा होतो. ओव्हरड्राफ्टची मर्यादा १ लाख आणि व्याजदर वार्षिक १५ टक्के. खात्यातील स्वतःचे पैसे संपले असताना त्याने २० ऑगस्ट रोजी चवथीसाठी ३०,००० रुपये काढले. बँक रोज दिवसअखेरीस खाते किती उणे आहे ते पाहते, त्यावर त्या एका दिवसाचे व्याज मोजते आणि महिन्याची बेरीज महिनाअखेरीस खात्यावर नावे टाकते. ३०,००० रुपयांवर एका दिवसाचे व्याज १२ रुपये ३३ पैसे. ३१ ऑगस्टपर्यंतच्या १२ दिवसांचे सुमारे १४८ रुपये. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा हे नक्कीच बरे, आणि रक्कम इथेच फेडली गेली तर या सवलतीविरुद्ध बोलण्यासारखे फारसे काही उरत नाही.

अपवाद शुल्काचा. काही बँका या सुविधेसाठी प्रक्रिया शुल्क किंवा वार्षिक नूतनीकरण शुल्क घेतात. ते समजा ९९९ रुपये असले, तर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १,१७९ रुपये होतात. वर्षातून दोनदा, प्रत्येकी १२ दिवस ३०,००० रुपये वापरणाऱ्याचे व्याज होईल २९६ रुपये, पण एकूण खर्च १,४७५ रुपये. म्हणजे प्रत्यक्ष दर १५ नव्हे, तर वार्षिक ७५ टक्क्यांच्या आसपास पडतो. व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर असते, शुल्क मात्र सुविधा वापरली नाही तरी लागू शकते. म्हणून मंजुरीपत्रात व्याजदराच्या आधी शुल्काची ओळ वाचावी.

आता १ सप्टेंबरकडे येऊ. व्याजाचे दीडशे रुपये बाजूला ठेवले, तर खाते ३०,००० ने उणे आहे. ४०,००० चा पगार जमा होतो आणि शिल्लक दिसते १०,००० रुपये. कर्ज आपोआप फिटले, वेगळा हप्ता भरावा लागला नाही. पण २ तारखेला १२,००० रुपये घरभाडे जाते आणि खाते २,००० ने उणे होते. ५ तारखेला दुचाकीचा ९,००० रुपयांचा हप्ता कापला जातो, उणे ११,०००. १० तारखेला वाणसामान आणि विजेचे बिल मिळून ७,०००, उणे १८,०००. २० तारखेला मुलांची फी व इतर खर्च १२,०००, पुन्हा उणे ३०,०००. या माणसाने सप्टेंबरात एकही वायफळ खर्च केलेला नाही. पगाराएवढाच खर्च केला आणि तो जिथे होता तिथेच परतला.

या महिन्याचे व्याज साधारण २३५ रुपये होते. ही रक्कम इतकी किरकोळ आहे की यूपीआयच्या पन्नास नोंदींत ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. शिवाय तीही मर्यादेतूनच वसूल होते, म्हणजे पुढच्या महिन्यात व्याजावर व्याज लागते. याच गतीने वर्षभरात २,८०० रुपयांहून अधिक व्याज जाईल आणि ३०,००० चे कर्ज कणभर वाढूनच शिल्लक राहील. तेवढीच रक्कम १५ टक्क्यांनीच बारा हप्त्यांच्या वैयक्तिक कर्जाने घेतली असती, तर दरमहा सुमारे २,७०८ रुपये जाचक वाटले असते. पण वर्षाअखेरीस व्याज सुमारे २,५०० रुपये होऊन कर्ज संपले असते. हप्ता मुद्दल मागतो. ओव्हरड्राफ्ट बहुधा मुद्दल मागतच नाही, म्हणूनच तो सोयीचा वाटतो.

बँकेच्या अ‍ॅपवरील ‘उपलब्ध शिल्लक’ हा आकडाही या सवयीला हातभार लावतो. अनेक ठिकाणी त्यात ओव्हरड्राफ्टची मर्यादा मिळवलेली असते. पगाराच्या दिवशी आपल्या कर्मचाऱ्याचे स्वतःचे १०,००० असताना पडद्यावर १,१०,००० दिसू शकतात. पूर्वी पैसे नसले की हप्ता परत जाई. ते अपमानास्पद आणि दंड भरायला लावणारे होते, हे खरे. पण महिन्याचा हिशेब चुकल्याचे तेव्हा लगेच कळत असे. आता मर्यादा शिल्लक असेपर्यंत प्रत्येक हप्ता, प्रत्येक वर्गणी मुकाट्याने वसूल होते.

काही बँकांत ओव्हरड्राफ्टचे खाते वेगळे असते आणि त्यातून रक्कम पगार खात्यात वळवावी लागते. येथे फसगत वेगळी आहे. वळवल्याच्या दिवसापासून ती रक्कम ‘वापरलेली’ ठरते, मग ती पगार खात्यात तशीच पडून का असेना. पगारही ओव्हरड्राफ्टमध्ये आपोआप वळत नाही, तो आपण वळवावा लागतो. हाताशी असावेत म्हणून २०,००० रुपये वळवून ठेवणारा ग्राहक एकीकडे १५ टक्के देतो आणि दुसरीकडे बचत खात्यावर तीन टक्क्यांच्या आतबाहेर मिळवतो.

सर्वांत कठीण प्रसंग नोकरी सुटल्यावर येतो. पगार थांबला की मर्यादेचा आधारच जातो. बँक मर्यादा कमी करू शकते, रद्द करू शकते आणि संपूर्ण रक्कम मागू शकते. तशी अट करारात बहुधा असते. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ओव्हरड्राफ्ट खात्यातील बाकी सलग ९० दिवस मर्यादेपेक्षा जास्त राहिली, किंवा ९० दिवसांत काहीच जमा झाले नाही, किंवा जमा झालेली रक्कम त्या काळातील व्याजालाही पुरली नाही, तर ते खाते थकीत कर्जात गणले जाते. पर्यटन हंगाम संपला की नोकरीत खंड पडणाऱ्या हॉटेल कर्मचाऱ्याला तीन महिने हा काही लांबचा काळ नाही. त्यातच अंतिम हिशेबाची रक्कम आणि भविष्यनिर्वाह निधी बहुधा याच खात्यात येतात, कारण यूएएनला तेच जोडलेले असते. खाते ८०,००० ने उणे असेल, तर जमा झालेले पहिले ८०,००० रुपये त्या खड्ड्यातच जातात, नेमके घर चालवण्यासाठी त्यांची गरज असताना. नोकरी सोडण्याचा विचार असलेल्याने राजीनाम्याआधी ओव्हरड्राफ्ट शून्यावर आणून बंद करावा, आणि बंद केल्याचे पत्र घ्यावे.

आपले खाते कोणत्या दिशेने चालले आहे हे पाहायला स्टेटमेंटमधील एकच आकडा पुरतो: पगार जमा झाला त्या दिवसाअखेरची शिल्लक, मर्यादा वगळून. गेल्या सहा महिन्यांचे हे सहा आकडे एकाखाली एक लिहावेत. ते वाढत असतील तर ओव्हरड्राफ्ट फिटतो आहे. आपल्या उदाहरणातील १०,००० चे पुढच्या महिन्यात ९,७६५ होतात, त्यानंतर आणखी कमी. आणि पगाराच्या दिवशीही खाते उणेच राहत असेल, तर ती तात्पुरती उसनवारी राहिलेली नाही. अशा वेळी बँकेकडून ती बाकी ठरावीक हप्त्यांच्या कर्जात बदलून घ्यावी आणि मर्यादा रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. नाहीतर हप्ताही चालू राहतो आणि मोकळी झालेली मर्यादाही पुन्हा भरते.