पडद्यावरचे आणि कागदावरचे

गेल्या वर्षी वर्गात मी ठाण्याच्या रेल्वेवर निबंध वाचला. सोबत पडद्यावर अठरा स्लाइड्स दाखविल्या. नौपाड्यातूनच सकाळच्या नोकरीवर जाणारा एक मित्र त्या दिवशी येऊ शकला नाही. त्याच्यासाठी मी गोखले रोडवर एका पानावर सहा स्लाइड्स अशी झेरॉक्स काढून दिली. दोन दिवसांनी त्याने विचारले, "३४ म्हणजे काय रे?"

चूक माझीच होती. त्या स्लाइडवर एवढेच होते : १६ एप्रिल १८५३, ३४ कि.मी., १४ डबे, ४०० पाहुणे. बाकी सारे मी तोंडाने सांगितले होते. स्लाइड ही बोलणाऱ्याची खुंटी असते. बोलणे वगळले की भिंतीवर नुसती खुंटी उरते.

मग ते टिपण मी नव्याने केले. पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडखाली वक्त्याच्या टिपांची जागा असते. बोललेले तिथे पूर्ण वाक्यांत लिहून काढले : "बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्यास आली. पुढे खाडी होती. ती ओलांडून गाडी कल्याणला १८५४ साली पोचली." आकड्याला आता कारण मिळाले. नंतर File > Export > Create Handouts येथे जाऊन Notes below slides निवडले. सगळा मजकूर वर्डमध्ये आला, एका पानावर एक स्लाइड आणि खाली टिपा.

पुष्कळ जण येथेच थांबतात. माझे मत असे, की खरे काम येथून सुरू होते. एक स्लाइड म्हणजे एक विषय नव्हे. मार्गाचा नकाशा, आकडे, इंजिनांची नावे आणि खाडी अशा माझ्या चार स्लाइड्स मिळून प्रश्न एकच होता : पहिली गाडी ठाण्यापर्यंतच का? म्हणून चारांचे एक पान केले. शीर्षकात तो प्रश्न घातला, नकाशा तेवढा ठेवला, बाकीची चित्रे काढली. अठरा स्लाइड्सची सहा पाने झाली. जे एका पानात मावेना, तिथे अक्षर बारीक केले नाही. तो विषयच दोन निघाला.

दोन खोड्या आढळल्या. एकामागून एक उमटणारी चित्रे कागदावर एकमेकांवर चढतात. ती आधी वेगळी करावी लागतात. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातले मराठी टिपांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन दिसते. ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावे किंवा पुन्हा टाइप करावे लागते.

कोणी म्हणेल, इतके लिहून दिले तर तासाला कोण बसेल? पण तास बुडविणारा आणि तासाला येऊच न शकणारा, यांत फरक आहे. टिपण पुरे झाले की नाही, याची कसोटी सोपी आहे : गैरहजर मित्राला एक पान द्यावे आणि शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर विचारावे. माझ्या मित्राने या वेळी ते न अडखळता दिले.