क्लासचं नाव आणि पालकांचा भरवसा

बीएड करून नोकरीची वाट पाहणारी आमची मुलं-मुली अखेर क्लास काढतात. जागा, फळा, बाकं जमली की नावावर गाडी अडते, आणि मग ती माझ्याकडे येतात. भाषेची बाई आहे, एखादा वजनदार शब्द देईल, अशी अपेक्षा असते. (मला स्वतःला क्लास काढता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं २८ वं कलम शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई करतं. सल्ला द्यायला मनाई नाही.)

गेल्या वर्षी माझे दोन माजी विद्यार्थी आले. एकाने फिजिक्समध्ये एमएस्सी केलेलं, दुसऱ्याने केमिस्ट्रीत. कागदावर नाव लिहूनच आणलं होतं : 'अल-इल्म एक्सलन्स अकॅडमी'.

मी विचारलं, यातला कुठला शब्द समोरच्या गल्लीतल्या क्लासला चालणार नाही? दोघे गप्प. एक्सलन्स, ब्राइट, जीनियस, सक्सेस, ज्ञानदीप, ज्ञानगंगा हे सगळे शब्द उद्या कुणीही पाटीवर लावू शकतो, आणि ते खोटे आहेत असं कुणी सिद्ध करू शकत नाही. म्हणूनच पालकांची नजर त्यांच्यावरून घसरून जाते. 'सक्सेस' आणि 'टॉपर' हे तर आडून दिलेली हमीच. निवडीची किंवा गुणांची हमी जाहिरातीत देऊ नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगवाल्यांना बजावलं आहे. मग तीच गोष्ट नावात कशाला?

'अल-इल्म'बद्दल बोलणं मात्र नाजूक होतं. इक्रा, नूर, फलाह, इल्म हे आपले प्रिय शब्द आहेत, आणि लावणाऱ्याची नियत बहुतेक वेळा साफच असते. पण असं नाव लावलं की न शिकवताच थोडा भरवसा उधार मिळतो. पालकाला वाटतं, दीनदार माणसं आहेत, फसवणार नाहीत. पुढे फी परत मागण्यावरून वाद झाला, की भांडण एका क्लासशी राहत नाही. 'इक्रा म्हणवतात आणि असं वागतात,' हे वाक्य मी स्टाफरूममध्येही ऐकलंय. शिवाय शेजारच्या मोहल्ल्यातल्या जोशीबाईंना वाटतं, हा क्लास आपल्या मुलासाठी नाहीच. एक साधी अडचण लिपीचीही आहे. ऐन-लाम-मीम हे जेरशिवाय लिहिलं की 'इल्म'ही वाचता येतं आणि 'अलम'ही, म्हणजे झेंडा. देवनागरीत कुणी 'ईल्म' लिहितो, कुणी 'इलम'. आणि आपल्याकडे पाटी मराठीत, देवनागरीत लावावीच लागते. दुसऱ्या लिपीतली अक्षरं तिच्याहून मोठी चालत नाहीत.

मग मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे मुलं नेमकी कोण येणार? उत्तर पाटीच्या कामाचं निघालं. दहावीपर्यंत उर्दूत 'तबीइयात' आणि 'कीमिया' शिकलेली मुलं अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसतात. विषय येत असतो, शब्द येत नाहीत. हे दोघे दोन्हीकडचे शब्द जाणतात. शहरातले मोठे क्लास त्या मुलांसाठी थांबत नाहीत.

आई शेजारणीला सांगते, "आमचा अमक्या सरांकडे जातो." पाटीवर काहीही असो, तोंडी नाव हेच होतं. मग तिथूनच का सुरुवात करू नये? समजा, आडनावं मोमीन आणि तांबोळी. वर 'मोमीन-तांबोळी क्लास', खाली 'अकरावी-बारावी फिजिक्स, केमिस्ट्री', आणि तिसऱ्या ओळीत 'उर्दू माध्यमातून आलेल्यांसाठी पहिले दोन महिने शब्दांची तयारी'. यातला प्रत्येक शब्द पालकाला तपासता येतो. सर कोण, ते विचारता येतं. दोन महिने खरंच ती तयारी होते का, ते मुलाच्या वहीत दिसतं. तिसरी ओळ वाचून जोशीबाईंनाही कळतं की बाकीच्यांना दार बंद नाही.

दोघांनी शंका काढल्या, त्या खऱ्या होत्या. एक जण नोकरीला लागला तर? तर नाव बदलावं लागेल. निघून गेलेल्याचं नाव पाटीवर ठेवणं ही फसवणूकच. दुसरं, असं वर्णनाचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवणं कठीण. 'फिजिक्स क्लास' या शब्दांवर कुणाचीच मालकी होत नाही आणि आडनाव तर शंभर जणांचं. पण पन्नास मुलांच्या क्लासला नक्कल होण्याची भीती नंतरची. आधी पहिली दहा मुलं हवीत.

कागद घेऊन ते गेले. एकाला 'अकॅडमी' सोडवत नव्हतं, वालिदना तो शब्द आवडतो म्हणे. मी म्हटलं, वालिदना विचार, तुला त्यांनी ट्यूशनला घातलं तेव्हा पाटी वाचली होती की सरांची चौकशी केली होती.