धुरात अर्धीच ओळ वाचली जाते

आमच्या भागातल्या एका इमारतीत लिफ्टशेजारी पाटी आहे: ‘आपत्कालीन परिस्थितीत उद्वाहनाचा वापर करणे टाळावे.’ व्याकरण बिनचूक, पण आगीत ही पाटी निरुपयोगी. ‘उद्वाहन’ कोणी बोलत नाही, हा लहान दोष. मोठा दोष रचनेचा आहे. मराठीत आणि उर्दूतही क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याबरोबर. धुरात पळणारा माणूस अर्धीच ओळ वाचतो, आणि तेवढ्यात त्याला ‘उद्वाहनाचा वापर’ एवढंच दिसतं. वीज गेली की तीच लिफ्ट मधेच अडकते.

म्हणून वाक्य तोडा: ‘आग लागली? लिफ्ट नको. जिन्याने उतरा.’ उर्दूतही असंच: ‘आग लगी है? लिफ़्ट नहीं. सीढ़ी से उतरें.’ उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात म्हणून पाटी करणाऱ्याने बाणही उलटवू नये. लिपी कोणतीही असो, बाण जिन्याकडेच हवा.

मग ती पाटी सातवीच्या मुलाला 3 सेकंद दाखवा, झाका आणि विचारा, “कुठे जाशील?” त्याने जिन्याकडे बोट दाखवलं नाही, तर भाषांतर करणारा नापास.