फोटो ५० केबीत बसला, तरी फॉर्म बाद होऊ शकतो

सावनेर : २०२३ ची जिल्हा परिषद भरती आयबीपीएसमार्फत झाली. या संस्थेच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबीचा आणि २०० बाय २३० पिक्सेलचा लागतो. आपल्याकडची पोरं फक्त ५० चा आकडा पाहतात अन् तिथेच फसतात.

मोबाईलचा साधा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे सव्वा कोटी ठिपक्यांच्या आसपास असतो. वजन तीन-चार एमबी. तो तसाच दाबून ५० केबीत कोंबला की चेहऱ्याचे चौकोनी तुकडे दिसायला लागतात. फॉर्म असा फोटो घेईलही, पण चेहरा ओळखू येत नसेल तर अर्ज नाकारता येतो, असं सूचनांमध्येच लिहिलेलं असतं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी चेहरा अन् खांदे ठेवून फोटो उभा कापा. मग रिसाइजमध्ये २०० बाय २३० टाका. आता ठिपके उरले फक्त ४६ हजार. केबी आपोआप उतरतात, चेहरा मात्र साफ राहतो.

इथे दुसरी अडचण येते. फोटो कधी १२-१५ केबीवरच थांबतो अन् २० च्या खाली म्हणून फॉर्म तो घेत नाही. अशा वेळी पिक्सेल वाढवू नका. कापलेल्या मूळ फोटोवरून क्वालिटी ९५ च्या पुढे ठेवून पुन्हा सेव्ह करा.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो, म्हणून सेतू केंद्रावर मूळ फोटोच न्या. अन् अपलोड झाल्यावर प्रिव्ह्यू मोठा करून बघा. डोळे स्पष्ट दिसले तरच सबमिट करा.